मैत्रिणीला निरोपाची चिठ्ठी: लेकीची वाक्यं ठेवू का बदलू?

उशिराची_झोप
लेक दहा वर्षांची आहे, पाचवीत. तिची बेंचवरची मैत्रीण वर्षाच्या मधेच शाळा सोडून दुसऱ्या गावी चाललीये, शनिवार तिचा शेवटचा दिवस. खरं नाव नको म्हणून इथे तिला मनू म्हणते. लेकीने काल तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि मला वाचायला दिली, वर "चुका काढ" असंही म्हणाली. मी वाचली आणि गप्प बसले कारण चुका शुद्धलेखनाच्या नव्हत्या. जशीच्या तशी टाइप करतेय:

"प्रिय मनू, तू चाललीस. मला खूप वाईट वाटतं. तू माझी बेस्ट फ्रेंड आहेस. तू मला आधी का नाही सांगितलंस तुला तर सुट्टीच्या आधीपासून माहीत होतं. मी आता कोणाशीच मैत्री करणार नाही. आपल्या बेंचवर कोणालाच बसू देणार नाही. तू पण कोणाला बेस्ट फ्रेंड करू नकोस. आपण रोज फोन करायचा. प्रॉमिस कर. मला विसरलीस तर बघ."

आता हे त्या पोरीच्या हातात असंच द्यायचं का? मी म्हटलं जरा छान करूया, आणि खाली सुचवलं की "तुझ्यासोबत घालवलेले क्षण मला नेहमी आठवतील, नवीन शाळेसाठी खूप खूप शुभेच्छा" वगैरे. लेकीने ते वाचलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "हे तूच दे तिला." तेव्हापासून अबोला आहे. आज मंगळवार. काय करू?

सरळरेषा
काही करू नका. चिठ्ठी तुमच्या मुलीची, मैत्रीण तिची, राग तिचा. आपण मोठी माणसं प्रत्येक गोष्टीला इस्त्री करतो आणि मग म्हणतो मुलं मनातलं बोलत नाहीत. मी तर म्हणेन तुम्ही ती वाचायलाच नको होती.

उशिराची_झोप
अहो तिनेच दिली वाचायला! मी दप्तर उघडून नाही काढली.

सरळरेषा
मग वाचून "छान" म्हणायचं आणि परत द्यायची. एवढंच.

मी_एकटाच
वर्षाच्या मधे शाळा बदलताना टीसीचा अर्ज आधीच देऊन ठेवा, शेवटच्या दिवशी ऑफिसात कोणी सापडत नाही हा अनुभव आहे. प्रगतीपुस्तकाची कॉपी पण मागून घ्या, नवीन शाळेत सहामाहीचे मार्क लागतात.

तिरकीमात्रा
@मी_एकटाच दादा, त्या शाळा नाही बदलत आहेत, त्यांच्या लेकीची मैत्रीण बदलतेय. चिठ्ठीचा विषय आहे. टीसीवर प्रेमपूर्वक काही लिहायचं असेल तर सांगा :)

मी_एकटाच
बरं. वरवर वाचलं. पण मुद्दा चुकीचा नाही.

निवृत्त_खडू
बत्तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली बरीचशी चौथी-पाचवीच. दरवर्षी एक-दोन पोरं अशी मधेच जायची, त्यामुळे अशा चिठ्ठ्या ढिगाने वाचल्यात, आणि सांगते, तुमच्या लेकीची चिठ्ठी चांगली आहे. या वयाची बहुतेक मुलं "तुझी आठवण येईल, तू छान आहेस" एवढ्यावर थांबतात कारण तेवढं त्यांना भेटकार्डावरून पाठ असतं. हिने रागाचं कारण लिहिलंय, आणि ते कारण खरं आहे.

सरळरेषांचं अर्धं मला पटतं. शब्द तुमचे नकोत. "घालवलेले क्षण" असं दहा वर्षांचं कुठलंच मूल बोलत नाही, आणि मनूला ते वाचल्याबरोबर कळणार की हे आईने लिहिलंय. पण "काही करू नका" हे नाही पटत. डायरी असती तर मी पण म्हटलं असतं हात लावू नका. चिठ्ठी दुसरं कोणीतरी वाचणार असतं.

आता ती चिठ्ठी परत वाचा आणि मनू ती कुठे वाचेल ते डोळ्यापुढे आणा. नव्या घरात, खोकी अजून फुटलेली नाहीत, शेजारीपाजारी कोणी ओळखीचं नाही. अशा वेळी "तू चाललीस, मला वाईट वाटतं" वाचून तिला रडू येईल, येऊ दे. पण "कोणाला बेस्ट फ्रेंड करू नकोस", "प्रॉमिस कर", "विसरलीस तर बघ" या तीन वाक्यांनी तिच्या डोक्यावर काम ठेवलंय, आणि ते काम तिला जमणारं नाही, कारण नव्या शाळेत तिला कोणाच्या तरी शेजारी बसावंच लागणार आहे. मला खटकतात ती तीनच. बाकीचं लेकीच्या स्वतःबद्दल आहे, ते राहू दे.

आणि लेकीला हे असं समजावायला जाऊ नका हं, व्याख्यान होतं. फक्त एक वाक्य बोट ठेवून दाखवा आणि विचारा, "हे वाचून मनू काय करेल?" उत्तर तिला देऊ द्या. ती म्हणाली "काही नाही करणार, वाचेल" तर पुढच्या वाक्यावर जा. ती थबकली तर तुम्ही गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, मला स्वतःला शिकायला दहा वर्षं लागली.

सरळरेषा
बाई, तुम्ही गोड शब्दांत तेच करताय. "मनू काय करेल" विचारलं की मुलीला कळतंच आईला हे वाक्य नकोय. मग ती आईला खूश करायला खोडणार. मुलं मूर्ख नसतात.

निवृत्त_खडू
खरंय, कळतं. म्हणूनच फक्त नकोशा वाक्यांवर बोट ठेवायचं नाही. "मला खूप वाईट वाटतं" यावर पण विचारायचं, "आपल्या बेंचवर" यावर पण. सगळ्या वाक्यांना तोच प्रश्न. तरी थोडं कळतंच, नाही म्हणत नाही मी.

कागदीहोडी
मी या गोष्टीतली मनू होते. चौथीत सहामाही संपल्यावर आम्ही गाव सोडलं आणि वर्गाने मला चिठ्ठ्या दिल्या, बाईंनी सगळ्यांना अर्धा तास देऊन लिहून घेतल्या होत्या. चाळीसेक चिठ्ठ्या, आणि जवळजवळ सगळ्यांत "तुला पुढील वाटचालीस शुभेच्छा" कारण ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. वाटचालीस या शब्दाचा अर्थ पण मला तेव्हा माहीत नव्हता.

त्यातल्या दोनच लक्षात आहेत. एका मुलीने लिहिलं होतं, "तू गेल्यावर खिडकीची जागा मला मिळेल पण मला ती नको आहे." ती अजून जपून ठेवलीये. पेन्सिलने लिहिलेली म्हणून अजून स्पष्ट वाचता येते, बाकी स्केचपेनवाल्या सगळ्या उडून गेल्यात, गुलाबी रंगाचं तर नुसतं पिवळट कागद उरलंय. (लेकीला सांगा चमकीचं स्केचपेन नको.)

दुसरी माझ्या जवळच्या मैत्रिणीची. "तू नवीन मैत्रीण केलीस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही." गंमत नव्हती त्यात, तिने मनापासून लिहिलं होतं. नव्या शाळेत दोन महिन्यांनी एक मुलगी माझ्याशी बोलायला लागली तेव्हा घरी येऊन मी ती चिठ्ठी कपाटात कपड्यांच्या खाली लपवली, जशी काय चिठ्ठीलाच दिसणार होतं. मैत्रिणीला पत्र लिहिणार होते ते लिहिलंच नाही, कारण नव्या मुलीबद्दल लिहिलं तर ती रागावणार आणि नाही लिहिलं तर खोटं. असं ते बंदच पडलं.

सरळरेषा, तुमचं म्हणणं समजतं, पण समोरच्या टोकाला पण एक दहा वर्षांचंच मूल असतं.

सरळरेषा
हे वाचून थोडा थांबलो. त्या एका वाक्याबद्दल मान्य. पण "आधी का नाही सांगितलंस" याला कोणी हात लावू नये, त्यावर मी ठाम आहे. ती तक्रार रास्त आहे.

निवृत्त_खडू
रास्त आहे, पण त्याबद्दल मला वेगळंच म्हणायचंय. तो प्रश्न आहे. चिठ्ठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कुठून येणार? मनू गाडीत बसून वाचणार आणि प्रश्न तसाच लटकत राहणार, दोघींचाही. अजून चार दिवस दोघी एका बेंचवर बसतायत ना, मग तोंडी विचारू दे. चिठ्ठीच्या आधी. एवढ्या लहान मुलांना पुष्कळदा घरून सांगितलेलं असतं की पक्कं होईपर्यंत कोणाला बोलू नकोस, आणि मुलं ते इमानाने पाळतात. काय उत्तर येतं ते बघा, मग चिठ्ठीत त्याचं काय करायचं ते तुमची लेकच ठरवेल.

दोघांचाबाबा
माझं थोडं वेगळं आहे पण इथेच विचारतो. धाकटा दहाचा, त्याचा मित्र पण या शनिवारीच चाललाय (वेगळी शाळा आहे, तीच मनू नाही). हा काहीच लिहीत नाही. कागद दिला, रंग दिले, "मला नाही द्यायचं काही" म्हणतो आणि खेळायला जातो. बायको म्हणते नंतर पस्तावेल, लिहायला बसव. मोठ्याच्या वेळी बसवलं होतं, त्याने रडत चार ओळी लिहिल्या आणि मित्राला दिल्याच नाहीत, पुढे दप्तराच्या तळाशी सापडल्या. काय करावं?

तिरकीमात्रा
कविता करून द्या, पोरांना यमक आवडतं. चार ओळी, शेवटी दोघांची नावं.

दोघांचाबाबा
अहो तो वाक्य लिहीत नाहीये, कविता कुठून करणार, मलाच करावी लागेल.

निवृत्त_खडू
@दोघांचाबाबा बसवू नका. लिहिणं त्रासाचं असेल तर तो बोलेल ते तुम्ही लिहून घ्या, पण अक्षरशः तो बोलेल तेच, "अरे यार" म्हणाला तर "अरे यार", आणि खाली नाव त्याने स्वतः घालायचं. तेही नको असेल तर एक कोरा कागद पाकिटात घालून दप्तरात ठेवा, सांगा की आहे तिथे, वाटलं तर वापर. त्याच्या पुढे माझ्याकडे खरंच काही नाही. काही मुलं शेवटच्या दिवशी नुसती ढकलाढकली करतात, तोच त्यांचा निरोप असतो.

उशिराची_झोप
बुधवार रात्र. अबोला सुटला. सगळं लिहिते, लांब होईल.

काल रात्री मी माझा "क्षण" वाला कागद तिच्यासमोर फाडला आणि म्हटलं, हा माझा होता, चुकलं माझं. मग फक्त एवढंच सुचवलं की सुट्टीच्या आधीचं मनूला तूच विचारून बघ. आज शाळेतून आल्या आल्या दारातच सांगायला लागली. मनूने आधी मान खाली घातली म्हणे, आणि मग म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू रोज रडली असतीस, मग आपलं खेळायचं राहिलं असतं."

मी काही बोलले नाही. लेक म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मी रडलेच असते."

मग चिठ्ठी काढली. मी निवृत्त_खडू बाईंचा प्रश्न विचारत गेले, पहिल्या वाक्यापासून. "तू चाललीस" वाचून मनू काय करेल, तर "तिला माहितीये ते, काही नाही करणार." पुढे "तू पण कोणाला बेस्ट फ्रेंड करू नकोस" ला ती थांबली. बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत बसले, आतून नुसती धडधड. मग म्हणाली, "पण मग ती मधल्या सुट्टीत एकटीच बसेल का?" आणि स्वतःच रेघ मारली. "मला विसरलीस तर बघ" मात्र नाही खोडलं. म्हणाली, हे आम्ही असंच बोलतो, ती हसेल. यावर मी हट्ट केला नाही, मला त्यांच्यातलं काय माहीत.

अडलंय इथे की आता खोडून खोडून उरलेली चिठ्ठी अगदीच कोरडी झालीये. मी विचारलं की मनूबरोबरची एखादी मजा लिही ना, तर "आम्ही खूप मजा केली" असं लिहिलंन. हे पण कार्डासारखंच झालं.

निवृत्त_खडू
तुम्ही छान केलंत. ते वाक्य तिने ठेवलं हेही बरोबर, माझी चूक झाली तिथे, दोघींच्या बोलण्यातली धमकी मला बाहेरून कशी कळणार.

"मजा" विचारलं की मजाच येते. आठवण सांग म्हटलं की मुलांना सहल, वाढदिवस असलं मोठं काहीतरी सांगायला हवं असं वाटतं, आणि त्यातलं एक धड आठवत नाही. त्यापेक्षा विचारा, "सोमवारपासून कुठली गोष्ट तुला एकटीला करताच येणार नाही?" त्याचं उत्तर मोघम येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की आता पाण्याच्या बाटलीचं झाकण कोण उघडणार. त्यावरच त्याची अख्खी चिठ्ठी झाली.

आणि अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. या वयात हात दुखतो, शेवटच्या ओळी उरकायच्या म्हणून लिहिल्या जातात, आणि उरकलेलं वाचणाऱ्याला कळतं.

उशिराची_झोप
विचारलं. उत्तर आलं आणि मला दीड वर्षात ही गोष्ट माहीतच नव्हती!

या दोघींचा एक खेळ आहे. बेंचवर पेन्सिलने एक रेघ मारलीये, कडेपासून दोन बोटं आत. खोडरबर पट्टीने टिचकी मारून ढकलायचा, तो रेघ ओलांडून गेला पाहिजे पण खाली पडता कामा नये. रेघ आणि कड यांच्या मधे थांबला तर एक पॉइंट. खाली पडला तर आवाज होतो आणि बाई बघतात, म्हणून पडला की उणे एक. स्कोअर रफ वहीच्या शेवटच्या पानावर. सध्या मनू ४१, आमची ३८. ५० ला जो पोचेल तो जिंकणार होता.

हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता. डायनिंग टेबलावर मला खेळून दाखवलं, मी तीनदा खाली पाडला.

तिरकीमात्रा
मला वाटतं चिठ्ठी झालीच. "४१-३८" एवढंच लिहून द्या. बाकीचं सगळं त्यात आलं.

कागदीहोडी
+१. मला खिडकीवालीने असंच काहीतरी दिलं होतं, जे फक्त आम्हा दोघींना कळतं.

दोघांचाबाबा
रबरचा खेळ आमचा पण खेळतो बहुतेक, पट्ट्या तुटतात म्हणून मी ओरडत असतो :(

उशिराची_झोप
गुरुवार. नवीन चिठ्ठी. लेकीची परवानगी घेऊन टाकतेय, तिची अट एवढीच की "सगळं लिहायचं, मधलं गाळायचं नाही":

"प्रिय मनू,
तू चाललीस. मला आधी राग आला होता कारण तू सांगितलं नाहीस. आता नाही आला. पण थोडा आहे.
सोमवारपासून मला रबरचा गेम एकटीला खेळता येणार नाही. मी खेळून बघितला, आईशी. आईला येत नाही.
स्कोअर ४१-३८ आहे. मी हरलेली नाही, गेम अर्धा राहिलाय. वही माझ्याकडे आहे, मी ती फेकणार नाही.
बाई बेंचवर कोणाला तरी बसवतील. पण रेघ मी पुसणार नाही.
तुझ्या नव्या बेंचवर पण रेघ मार.
मी पहिल्या रविवारी आईच्या फोनवरून तुला फोन करीन.
मला विसरलीस तर बघ."

त्या "पण थोडा आहे" वर माझी जीभ वळवळत होती. विचारलं, हे ठेवायचंय का? म्हणाली, "खरं आहे ना." गप्प बसले.

फोनचं सांगते. आधी "रोज" होतं. मी विचारलं रोज कोण करणार, तर "दोघी". मग मीच म्हटलं की मनूचं तुला ठरवता येणार नाही, तुझं काय ते ठरव. तिने बोटं मोजली, क्लास, खेळ, अमुक तमुक, आणि रविवारवर आली. आधी "दर रविवारी" लिहिलं, मग स्वतःच "पहिल्या" केलं. मनूच्या आईशी मी बोलून घेतलंय, नंबर आम्ही आयांनी एकमेकींना दिलाय, चिठ्ठीत नंबर पत्ता काही नाही, वर्गात कोणाच्या हाताला लागली तर नको.

आता दोन शंका. एक, यात चार शुद्धलेखनाच्या चुका आहेत (इथे मी सुधारून टाइप केलंय, हात राहिला नाही). "मि" आणि "आइ" तर दर ओळीत. सांगू का? दोन, द्यायची कधी?

निवृत्त_खडू
"मि" राहू द्या. मी जन्मभर तांबड्या पेनाने "मि" चा "मी" केला, पण चिठ्ठीत कधीच नाही. ज्या चुकीने अर्थ बदलतो किंवा मैत्रिणीचं नाव चुकतं तेवढीच दाखवायची. तिने "चुका काढ" असं स्वतः म्हटलं होतं ना, तर विचारा, किती काढू? ती सांगेल.

तिरकीमात्रा
मी असहमत. मुलीने चुका काढ म्हटलंय तर काढाव्यात. सुधारलं की चिठ्ठीतला जीव जातो ही मोठ्यांची रोमँटिक कल्पना आहे. माझं स्वतःचं लहानपणीचं एक पत्र नातेवाईक अजून लग्नाकार्यात वाचून दाखवतात, चुकांसकट, आणि सगळे "किती गोऽड" करतात. मला काय वाटतं ते मला विचारा.

निवृत्त_खडू
हा मुद्दा मात्र माझ्या ध्यानात नव्हता आला.

उशिराची_झोप
विचारलं. "आइ" सुधारून हवंय, "मि" चालेल कारण मनू पण तसंच लिहिते. मला मान्य.

सरळरेषा
चिठ्ठी उत्तम आहे. "पण थोडा आहे" साठी तुमच्या लेकीला माझा नमस्कार. माझं मत पूर्ण बदललेलं नाही हं, पहिल्या चिठ्ठीतही ती होतीच.

कागदीहोडी
कधी द्यायची: शुक्रवारी द्या, शनिवारी नको. शेवटच्या दिवशी जाणाऱ्या मुलाभोवती इतका गोंधळ असतो, सगळे हातात काही ना काही कोंबतात, मला तर कोणी काय दिलं ते घरी जाऊन पिशवी उलटी केल्यावर कळलं. आणि एक दिवस आधी दिली तर मनूला काही बोलायचं असेल तर बोलता येईल.

निवृत्त_खडू
मी उलट सांगत आलेय नेहमी. शनिवारी जाताना द्यायची आणि "नव्या घरी उघड" म्हणायचं. शुक्रवारी दिली की ती वर्गात उघडली जाते, चार जणी वाकून वाचतात, कोणीतरी खिदळतं, आणि मग शेवटचा दिवस त्यातच जातो. पण कागदीहोडी स्वतः त्या जागी होत्या, मी टेबलाच्या या बाजूला. तुम्ही ठरवा.

कागदीहोडी
बाई, नव्या घरी उघडल्यावर उत्तर कोणाला देणार? मला तेच राहिलंय आयुष्यभर.

उशिराची_झोप
लेकीने मधलं काढलंय. शुक्रवारी द्यायची पण चिकटवून, वर लिहिलंय "घरी गेल्यावर वाच". बघू.

दोघांचाबाबा
आमचं पाकीट अजून कोरंच आहे. आज त्याने काढून बघितलं आणि परत ठेवलं. मी काही बोललो नाही.

उशिराची_झोप
शुक्रवार संध्याकाळ. दिली.

मनूने "घरी गेल्यावर वाच" वाचलं आणि तिथल्या तिथे फाडून उघडली, अर्थात. मधल्या सुट्टीत, दोघीच बेंचवर, बाकी सगळे बाहेर. वाचताना "आईला येत नाही" ला हसली, मग काही बोलली नाही, मग कंपासमधून खोडरबर काढला आणि म्हणाली, "सुट्टी संपायला किती वेळ आहे?"

दोघी घंटा होईपर्यंत खेळल्या. त्यामुळे आता चिठ्ठीतला स्कोअर चुकीचा झालाय. मनूने चिठ्ठी परत लेकीच्या हातात दिली आणि दुरुस्त करायला लावली, त्यावर ४१-३८ खोडून बाजूला ४३-४२ लिहिलंय. मी चार दिवस एकेका शब्दाला हात न लावण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते आणि शेवटी खाडाखोड झालीच.

तिरकीमात्रा
म्हणजे तुमची एका पॉइंटने मागे. आणि रेघ?

उशिराची_झोप
आहे. पण शनिवारी दुपारी वर्गाची साफसफाई असते म्हणे. लेक चिंतेत आहे. सोमवारी कळेल.